पिठाच्या गिऱ्हाइकांचं महिनावार टेबल: सरासरी ४४ वरून १३ वर आली, घरपोच बंद करू का?

गिरणीवाली_जळगाव
नमस्कार सगळ्यांना. आमची जळगावात पिठाची गिरणी आहे, सासऱ्यांनी चालू केलेली, आणि मागच्या दिवाळीपासून मी दादर ज्वारीचं, गव्हाचं आणि कळण्याचं पीठ घरपोच द्यायला लागले. ऑर्डर व्हॉट्सॲपवर येते, मी गूगल शीटमध्ये तारीख, मोबाईल नंबर, किती किलो आणि रक्कम एवढं लिहिते. पुण्याच्या एका मैत्रिणीने सांगितलं की रिटेन्शन बघायला कोहॉर्ट टेबल बनव, म्हणजे ज्या महिन्यात गिऱ्हाईक पहिल्यांदा आलं त्या महिन्याची एक ओळ, आणि त्यातले पुढच्या प्रत्येक महिन्यात किती परत आले ते आडवं. तिच्या मदतीने बनवलं. पहिला आकडा त्या महिन्यात नवीन आलेली माणसं, पुढे १, २, ३ म्हणजे त्यानंतरचा पहिला महिना, दुसरा महिना असं. कंसात टक्के.

| पहिला महिना | नवीन | १ | २ | ३ | ४ | ५ | ६ |
|---|---|---|---|---|---|---|---|
| ऑक्टोबर | १६० | ४८ (३०) | ४० (२५) | ३७ (२३) | ३५ (२२) | ३४ (२१) | २१ (१३) |
| नोव्हेंबर | ६० | ३० (५०) | २७ (४५) | २५ (४२) | २४ (४०) | १५ (२५) | |
| डिसेंबर | ५० | २६ (५२) | २३ (४६) | २२ (४४) | १४ (२८) | | |
| जानेवारी | ८० | ४० (५०) | ३६ (४५) | २३ (२९) | | | |
| फेब्रुवारी | ७० | ३६ (५१) | २२ (३१) | | | | |
| मार्च | ६४ | २० (३१) | | | | | |
| सरासरी टक्के | | ४४ | ३८ | ३४ | ३० | २३ | १३ |

खालची सरासरीची ओळ दिराने बघितली आणि तो म्हणाला वहिनी हे बघा, सहाव्या महिन्यात शंभरातले तेराच उरतात, वर्षभरात शून्य होईल, मग पोऱ्याचा पगार आणि गाडीचं पेट्रोल कशासाठी. मला मनातून वाटतं की असं नाहीये, कारण रोजचे ठरलेले लोक मला तोंडपाठ आहेत, पण आकडा समोर असला की बोलता येत नाही. जाणकारांनी सांगा की ही ओळ खरी मानायची का.

ठेकेदार_नंदुरबार
ताई, टेबल नीट कळलं नाही पण रिटेन्शनचा धागा दिसला म्हणून लिहितोय. आमच्या कामात बिलातून जे टक्के कापून ठेवतात ते दोषदायित्वाची मुदत संपल्यावरच सुटतात, त्यासाठी आधी अर्ज करून ठेवावा लागतो. तुमचं कुठे अडकलंय, कुठल्या खात्यात?

गिरणीवाली_जळगाव
नाही दादा, पैसे अडकलेले नाहीत. गिऱ्हाईक टिकतं का ते बघतेय.

संतोष_धुळे
ताई पहिली गोष्ट, चालू महिना टेबलात धरलाय का? आज ९ मे. मे धरला तर प्रत्येक ओळीचा शेवटचा आकडा आपोआप छोटा दिसणार. माझ्या मोबाईल दुकानाच्या शीटमध्ये हेच झालं होतं.

दुसरी गोष्ट, सरासरी चुकीच्या पद्धतीने काढलीय. ऑक्टोबरचे १६० आणि डिसेंबरचे ५० यांना सारखंच वजन दिलंय. टक्क्यांची सरासरी काढायची नसते, माणसं माणसांत मिळवायची आणि मग भागायचं. पहिल्या महिन्याचं बघा, परत आलेले सगळे मिळून २००, नवीन सगळे मिळून ४८४, म्हणजे ४१ टक्के. हे खरं. अशीच सगळी ओळ काढा, चित्र बदलेल.

गिरणीवाली_जळगाव
मे होता आधी, तो काढूनच टाकलंय टेबल. ४१ तर अजून कमी झाले की हो दादा.

आकडेमोड_भुसावळ
ताई, मी भुसावळचा, सध्या पुण्यात एका कंपनीत हेच काम करतो, महिन्याच्या वर्गणीवर चालणाऱ्या धंद्यात दर महिन्याला कोण राहिलं कोण गेलं ते बघायचं. तुमचं टेबल चांगलं बनलंय, फक्त सगळ्यात खालची ओळ विसरा थोडा वेळ. संतोषभाऊंचं मे महिन्याचं बरोबर आहे, वजनाचंही तत्त्व म्हणून बरोबर आहे, पण इथे त्याने दुखणं जाणार नाही, उलट ऑक्टोबरचं ओझं जास्त पडेल, कारण तोच सगळ्यात मोठा आहे आणि तोच सगळ्यात वेगळा आहे.

सरासरीच्या ओळीत काय होतंय ते बघा. १ च्या खाली सहा महिन्यांचे लोक आहेत. ३ च्या खाली चारच महिन्यांचे. ६ च्या खाली फक्त ऑक्टोबर. म्हणजे ४४ वरून १३ वर जाणारी ही एकाच टोळक्याची गोष्ट नाहीये, टेबलाच्या प्रत्येक घरात टोळकंच बदलतंय. डावीकडे सहा भावांची सरासरी आणि उजवीकडे एकट्या थोरल्याचं माप, आणि आपण म्हणतोय घराणं बुटकं होत चाललंय.

आता एकेक ओळ आडवी वाचा. ऑक्टोबर ३०, २५, २३, २२, २१. पहिल्या महिन्यात मोठी गळती, मग जवळजवळ थांबली. नोव्हेंबर ५०, ४५, ४२, ४०. तेच, फक्त वरच्या पायरीवर. डिसेंबर ५२, ४६, ४४. जे दुसऱ्यांदा आले ते बहुतेक टिकलेत. शून्याकडे जाणारी ओळ अशी सपाट होत नाही. दिराला हे दाखवा.

आणि मग प्रत्येक ओळीचा शेवटचा आकडा बघा, २१, १५, १४, २३, २२, २०. खालून वर तिरके जातात ते. हे सगळे एप्रिलचे आहेत. एप्रिलात काय झालं?

गिरणीवाली_जळगाव
दादा अंगावर काटा आला वाचून. म्हणजे मी तिरकं बघितलंच नव्हतं. थांबा, एप्रिलचं आठवून सांगते. आणि ऑक्टोबरचं सांगायचं राहिलं, दिवाळीत पहिल्या ऑर्डरवर एक किलो कळण्याचं पीठ फुकट दिलं होतं, म्हणून १६० आले.

तापीकाठ
फुकट म्हटलं की शेजारीण पण येते, आणि मग परत दिसत नाही. ताई ऑक्टोबरचे ३० टक्केच परत आले ते त्यामुळेच. ती ओळ वेगळी ठेवा, तिची बाकीच्यांशी बरोबरी करू नका.

आकडेमोड_भुसावळ
हो, वेगळीच ठेवायची. पण ताई फुकटचं पीठ वाया गेलं असंही लगेच म्हणू नका. टक्के कमी आहेत, डोकी बघा. मार्चमध्ये ऑक्टोबरचे ३४ जण येत होते, नोव्हेंबरचे २४. टक्क्यात निम्मी असलेली ओळ माणसांत पुढे आहे. १६० किलो कळणं वाटलं, त्यातून पाच महिन्यांनी ३४ घरं हाती राहिली, म्हणजे एका घरामागे पावणेपाच किलो. ते परवडलं की नाही हे तुमच्या किलोमागच्या खर्चावर आहे, ते तुम्हीच ठरवू शकता.

ऑक्टोबर आणि एप्रिल दोन्ही बाजूला ठेवून माणसं मिळवून भागलं तर पहिल्या महिन्यात ५१ टक्के येतात, दुसऱ्यात ४५, तिसऱ्यात ४३, चौथ्यात ४०. चौथ्याला एकटा नोव्हेंबरच आहे, म्हणजे ६० माणसांवरचा आकडा, त्यावर फार जोर देऊ नका. पण ही तुमच्या धंद्याची साधी चाल आहे.

चोपड्याचा_मसाला
मी पण असंच टेबल बनवलं होतं, आमनाकडे बी असंच शे, नव्हे त्याच्याहून वाईट. चोपड्यात काळा मसाला आणि मिरची पूड करतो. मार्चमध्ये ९० गिऱ्हाईक नवीन, एप्रिलमध्ये त्यातले ३, मेमध्ये २, मग सरळ शून्य. मला वाटलं आपला मसालाच आवडला नाही लोकांना, दोन महिने झोप नव्हती. आणि पुढच्या मार्चमध्ये त्यातली निम्मी माणसं परत आली! वर्षाचा मसाला एकदाच भरतात हे मला माहीत होतं, आईपासून बघतोय, तरी टेबल बघताना ते डोक्यातून गेलं.

आकडेमोड_भुसावळ
भाऊ, तुमच्या मालाला महिन्याचं टेबल लावायचंच नाही. तुमची ओळ म्हणजे एक हंगाम, आणि पुढचं घर म्हणजे पुढचा हंगाम. माल घरात किती दिवस पुरतो त्यावर घराची रुंदी ठरते. ताईंचं पीठ महिन्याभरात संपतं, त्यामुळे त्यांना महिना चालतो.

गिरणीवाली_जळगाव
आमचं पीठ तसंही जास्त दिवस ठेवायचं नसतं, उन्हाळ्यात तर कळण्याच्या पिठाला लवकर वास येतो. पाच किलो नेणारे वीस पंचवीस दिवसांत परत मागवतात.

एप्रिलचं आठवलं. दोन गोष्टी झाल्या. १ एप्रिलपासून मी पोचवायचे २० रुपये घ्यायला लागले, पाच किलोच्या आतल्या ऑर्डरवर. पाच किलोच्या वर आधीही फुकट होतं, आताही आहे. आणि दुसरं म्हणजे एप्रिलात आखाजी होती, बऱ्याच बाया पोराबाळांना घेऊन माहेरी गेल्या. आता यातलं काय धरायचं?

संतोष_धुळे
२० रुपयेच आहे ते. लोकांना पीठ महाग चालतं पण पोचवायचे पैसे वेगळे दिसले की जीवावर येतं. लगेच बंद करा, मेमध्ये सगळे परत येतील.

शिवाय मार्चची ओळ बघा ताई, पहिल्याच महिन्यात ३१. बाकी सगळे ५० च्या आसपास. मार्चमध्ये कुठून आणले हे लोक? रील वगैरे टाकली होती का? तो माल कच्चा दिसतोय.

गिरणीवाली_जळगाव
हो, मार्चमध्ये भाच्याने इन्स्टावर दळणाची रील टाकली होती, ती बरीच चालली.

आकडेमोड_भुसावळ
संतोषभाऊ थोडं थांबा. मार्चचा पहिला महिना म्हणजेच एप्रिल. त्या एका घरात दोन्ही गोष्टी एकत्र आहेत, रीलवाले लोक आणि एप्रिल. एका आकड्यातून त्या वेगळ्या काढता येत नाहीत, कुणालाच नाही.

पण अंदाज घ्यायला बाकीच्या ओळी आहेत. प्रत्येक ओळीत मार्च आणि एप्रिल शेजारी ठेवा. ऑक्टोबर ३४ चे २१, नोव्हेंबर २४ चे १५, डिसेंबर २२ चे १४, जानेवारी ३६ चे २३, फेब्रुवारी ३६ चे २२. सगळीकडे दहातले सहा उरलेत, जुन्यात जुने आणि नव्यात नवे सारखेच. फुकट पिठावर आलेले आणि पूर्ण पैसे देऊन आलेले सारखेच. गिऱ्हाइकाच्या जातकुळीचा दोष असता तर एखादीच ओळ पडली असती. वयाचा दोष असता, म्हणजे तीन महिन्यांत लोक कंटाळतात असं काही, तर ठराविक उभं घर पडलं असतं. सगळ्यांचा एकाच महिन्यात सारखा घसरा म्हणजे बाहेरून काहीतरी आलं.

आता मार्चवाल्यांचं. नेहमीचे ५१, त्याला एप्रिलचा तोच दहातले सहाचा फटका, म्हणजे ३१. अगदी तेवढेच आलेत. म्हणून मी रीलवाल्यांना आत्ता दोष देणार नाही. पण ते चांगलेच आहेत असंही नाही म्हणणार. मे पूर्ण झाला की फेब्रुवारीची ओळ आणि मार्चची ओळ शेजारी बघा, तेव्हा कळेल.

आणि हे पण लक्षात घ्या, तिरकी पट्टी फक्त महिना सांगते. २० रुपये की आखाजी हे ती सांगत नाही. त्यासाठी एप्रिलचेच दोन भाग करायला लागतील. ज्यांना २० रुपये कधी लागलेच नाहीत ते पाच किलोवाले वेगळे काढा आणि त्यांचा मार्च-एप्रिल बघा.

गिरणीवाली_जळगाव
संध्याकाळी गिरणी बंद झाल्यावर करते.

पिंप्राळ्याची_सून
ताई मी तुमच्याकडूनच घेते पीठ बहुतेक, पिंप्राळ्यात येतो ना तुमचा पोरगा? मी एप्रिलमध्ये नाही मागवलं. २० रुपयांचं मला माहीतच नव्हतं. आमच्याकडे वर्षाची दादर आणि गहू भरला, सासूबाईंनी गावाहून पोती आणली, आता ती संपेपर्यंत विकतचं पीठ घरात येणार नाही.

तापीकाठ
हे कुणाच्या लक्षातच आलं नाही बघा! मार्च-एप्रिलात दादर निघते, घरोघरी वर्षाचं धान्य भरतात, उन्हात वाळवून कोठीत. खान्देशात पिठाचा धंदा करायचा आणि हे विसरायचं म्हणजे कसं. आखाजीला माहेरी जाणारी बाई आठ पंधरा दिवसांत परत येते, पण कोठी भरलेली बाई सहा आठ महिने येत नाही. दोन्हीत फार फरक आहे.

गिरणीवाली_जळगाव
काल रात्री बसून काढलं, सगळ्यांना सांगते.

मार्चमध्ये परत आलेले जुने गिऱ्हाईक १५२. त्यातले मार्चमध्ये पाच किलो किंवा जास्त नेणारे, म्हणजे ज्यांना २० रुपयांचा संबंध नाही, ते ५८ होते, त्यांच्या जागी एप्रिलात ३७. बाकीचे ९४ होते, एप्रिलात ५८. टक्क्यात ६४ आणि ६२. म्हणजे पाच किलोवाले पण तेवढेच गेले.

मग मी मार्चमध्ये आलेले पण एप्रिलात न आलेले अशांची यादी काढली, ते निघाले ६६. मला आधी वाटलं १५२ मधून ९५ वजा केले की ५७ यायला पाहिजेत, हिशोब चुकला म्हणून तासभर शोधत बसले. मग कळलं की ९ जण मार्चमध्ये आलेच नव्हते आणि एप्रिलात परत आले, ते ९५ मध्ये मिसळलेत.

आज दुपारी त्यातल्या ३० जणांना फोन केले. २४ जणांनी उचलला. १४ जण म्हणाले धान्य भरलं. ५ जण गावाला किंवा माहेरी. ३ जण २० रुपयांवरून बोलले, त्यातल्या एका काकू चांगल्याच रागावल्या. २ जण दुसरीकडून घेतात आता. पिंप्राळ्याच्या ताई, तुमचा आवाज ओळखला मी, पुढच्या वेळी पोराजवळ लिंबू पाठवते!

संतोष_धुळे
बरं, २० रुपयांबद्दल मी घाई केली. पण फोन न उचलणारे ६ जण रागावलेले असू शकतात, आणि समोरासमोर कोण सांगतं की २० रुपये जड झाले, धान्य भरलं म्हणणं सोपं जातं. म्हणून माझं मत पूर्ण बदललेलं नाही.

आकडेमोड_भुसावळ
संतोषभाऊ, फोनवर लोक गोड बोलतात हे मान्य. म्हणूनच मला फोनपेक्षा ते ६४ आणि ६२ जास्त पटतात, कारण ते कुणी सांगितलेलं नाही, घडलेलं आहे. २० रुपयांनी मोठा फरक पडला असता तर ९४ वाला भाग कितीतरी जास्त पडायला हवा होता. तीन चार माणसांचा फरक असेल तर एवढ्या संख्येत तो दिसणार नाही, तेवढी शंका राहू द्या. शिवाय पाच किलो नेणारी मोठी कुटुंबं असतात आणि धान्य भरणारीही मोठीच कुटुंबं जास्त, म्हणजे तिथे धान्याने पडले आणि इकडे २० रुपयांनी पडले, आणि योगायोगाने आकडे सारखे आले, असंही होऊ शकतं. मला तसं वाटत नाही, पण अशक्य नाही.

ते ९ जणांचं तुम्ही बरोबर पकडलंत. टेबलातली घरं माणसं ओळखत नाहीत, मोजतात फक्त. ३४ चे २१ झाले म्हणजे १३ गेले असं नसतं.

आडगावकर
मध्येच विचारतो, माफ करा. माझी केळी वेफर्सची शीट आहे, मी COUNTIFS लावलं तर ऑक्टोबरच्या ओळीत पहिल्या महिन्यात ११८ टक्के आले. हे कसं काय?

आकडेमोड_भुसावळ
ऑर्डरी मोजल्या गेल्या, माणसं नाही. एकाच माणसाने महिन्यात तीनदा मागवलं तर तो तीन झाला. १०० च्या वर गेलं म्हणून तरी तुम्हाला कळलं, ६० आले असते तर कळलंच नसतं. गूगल शीटमध्ये असं करा. A मध्ये तारीख, B मध्ये मोबाईल, D मध्ये त्या नंबरचा पहिला महिना, E मध्ये किती महिने झाले. H मध्ये ओळींचे महिने (प्रत्येकाची १ तारीख), J1 पासून आडवे 1, 2, 3.

```
D2: =EOMONTH(MINIFS(A:A,B:B,B2),-1)+1
E2: =DATEDIF(D2,EOMONTH(A2,-1)+1,"M")
J2: =IF(EDATE($H2,J$1)>EOMONTH(TODAY(),-1),"",
     COUNTUNIQUEIFS($B:$B,$D:$D,$H2,$E:$E,J$1))
```

तिसऱ्यातला IF काढू नका. तो चालू महिना आणि अजून न आलेले महिने रिकामे ठेवतो. नाहीतर तिथे 0 येतो, आणि सरासरी त्या शून्याला खरं समजून खाली ओढते.

आणि B मधले नंबर आधी धुवून घ्या. एकदा +91 लावून, एकदा 0 लावून, एकदा मध्ये जागा सोडून लिहिला की तोच माणूस तीन वेळा नवीन होतो. मग नवीन फुगतात आणि परत येणारे घटतात, दोन्हीकडून मार. वेगळ्या रकान्यात हे लावायचं आणि पुढे तोच रकाना वापरायचा:

```
=RIGHT(REGEXREPLACE(TO_TEXT(B2),"[^0-9]",""),10)
```

आडगावकर
बठ्ठं समजनं भाऊ. ११८ चे ४७ झाले. खाली आले पण आता मनाला पटतात.

गिरणीवाली_जळगाव
नंबर मी मैत्रिणीच्या सांगण्यावरून आधीच धुतले होते. पण एक अडचण राहतेच, आधी वहिनी मागवते, मग कधीतरी भाऊ स्वतःच्या फोनवरून मागवतो. घर एकच, नंबर दोन. पत्ता बघून मी हाताने सात घरं जोडली, अजून असतील.

आकडेमोड_भुसावळ
पत्त्यावरून जोडणं किचकट आहे, लोक पत्ता दर वेळी वेगळा लिहितात. सात जोडलीत तेवढं पुरे. फक्त दर महिन्याला तीच पद्धत ठेवा, एका महिन्यात जोडून आणि दुसऱ्यात न जोडता चालणार नाही.

चक्कीवाला_अमळनेर
मी स्वतः गिरणी चालवतो तीस वर्षांपासून, शीटबिट मला जमत नाही, पण ताईंना एक विचारायचं होतं. ज्यांनी दादर भरली त्या दळायला कुठे नेतात? दाण्याची भाकरी तर होत नाही. कुणाच्या तरी गिरणीतच नेतात ना. तुमच्या दळणाच्या वहीत बघितलं का?

गिरणीवाली_जळगाव
काका. हे मी बघितलंच नाही.

दळणाची वही सासऱ्यांकडे असते, गल्ल्यावर. माझी शीट फक्त घरपोच पिठाची. आत्ता बाबांना जाऊन विचारलं, त्यांना ६६ ची यादी वाचून दाखवली. वहीत नंबर नसतात, नुसतं नाव आणि किलो, ते पण पाटील, चौधरी, महाजन असं, त्यामुळे जुळवता येत नाही. पण बाबा चेहऱ्याने ओळखतात, त्यांनी ११ नावं सांगितली की हे लोक आता डबा घेऊन दळायला येतात. म्हणजे ही ११ घरं आमच्याकडेच आहेत, फक्त दुसऱ्या वहीत. दिराला सांगितलं, तो पहिल्यांदा गप्प बसून ऐकत होता.

तापीकाठ
पण ताई दळणाला किलोमागे मिळतं ते आणि पीठ विकून सुटतं ते सारखं नाही. टिकलं म्हणायचं का त्याला?

चक्कीवाला_अमळनेर
माणूस दारात येतो ना. जुलै ऑगस्टमध्ये ओल लागली की दादरीला टोके पडतात, सगळ्यांना ठेवता येत नाही नीट. तेव्हा बरेच लोक विकतच्या पिठाकडे वळतात. त्यांच्या डोळ्यासमोर तुमची गिरणी असली पाहिजे.

आकडेमोड_भुसावळ
तापीकाठ, दोन वेगळी टेबलं करायची. एकात घरपोच पीठ, एकात कुठल्याही मार्गाने गिरणीशी व्यवहार. पहिलं धंद्याचा नफा सांगेल, दुसरं माणूस सुटला की नाही ते. दोन्ही एकात घातलं तर पुन्हा कुणीतरी दिरासारखं एका ओळीवरून निर्णय घेईल. पण त्यासाठी दळणाच्या वहीत मोबाईल नंबर लिहायला लागेल ताई, निदान नवीन येणाऱ्यांचा.

आणि काकांचं जुलै ऑगस्टचं खरं असेल तर ते तुमच्या टेबलात पुन्हा तिरकंच दिसेल, सगळ्या ओळी एकाच महिन्यात वर येतील. खरंच आल्या तर एप्रिलची घसरण धान्याचीच होती याला मोठा आधार मिळेल, कारण २० रुपये तर तेव्हाही चालूच असतील. फक्त मधल्या काळात ते २० रुपये बदलू नका, नाहीतर कशामुळे आले ते परत कळणार नाही.

संतोष_धुळे
म्हणजे रागावलेल्या काकूंना ऑगस्टपर्यंत २० रुपये भरायला लावायचे? टेबलासाठी?

गिरणीवाली_जळगाव
त्या काकूंना मी स्वतः पाच किलोच्या हिशोबात धरते, शेजारणीबरोबर एकत्र मागवा म्हणून सांगितलंय, त्या तयार झाल्या. बाकीच्यांचे २० तसेच ठेवते.

घरपोच बंद करत नाही, ते ठरलं. दीर म्हणतो ऑगस्टचं टेबल बघून परत बोलू, मी म्हटलं चालेल. बाबा मात्र वहीत नंबर लिहायला तयार नाहीत, म्हणतात चाळीस वर्षांत कुणाला नंबर विचारला नाही, लोकांना वाटेल उधारी वसूल करायला घेतोय. त्यावर काही सुचत असेल तर सांगा कुणीतरी.

चक्कीवाला_अमळनेर
डब्यावर चिठ्ठी लावता का तुम्ही? आम्ही डबा ठेवून जाणाऱ्याच्या चिठ्ठीवर नाव आणि नंबर लिहून घेतो, दळून झालं की फोन करायला. त्याला कुणी कधी नाही म्हणालं नाही.

गिरणीवाली_जळगाव
चिठ्ठी लावतो, पण नुसतं नाव. उद्यापासून मी स्वतः सकाळी दोन तास गल्ल्यावर बसते.